तुझं एक, माझं एक: साक्षीदार नसलेल्या आरोपावर अंतर्गत समितीने निष्कर्ष कसा लिहावा?

प्रश्न: मी नाशिकच्या एका कंपनीत अंतर्गत समितीची अध्यक्ष आहे. लैंगिक छळाच्या एका तक्रारीची चौकशी संपत आली आहे. चार आरोप आहेत. एकाला मोबाईलवरचे मेसेज आहेत, बाकीच्यांत तिचं एक म्हणणं आणि त्याचं एक. प्रत्यक्ष पाहणारं कुणी नाही. एचआर म्हणतं, ‘संशयाचा फायदा द्या आणि ताकीद देऊन मिटवा.’ अहवालात निष्कर्ष कसे लिहायचे आणि शिफारस किती ठामपणे करायची?

उत्तर: मी बऱ्याच वर्षांपासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून काम करते. साक्षीदार नसणं ही तुमची खरी अडचण आहे असं मला वाटत नाही. असे प्रकार बहुतेक वेळा कुणी नसतानाच घडतात, आणि कायद्यालाही ते ठाऊक आहे. अहवाल कोसळतो तो दुसऱ्याच जागी. समितीने ऐकलेलं सगळं पानंच्या पानं उतरवलेलं असतं आणि शेवटी एकच ओळ येते: ‘वरील बाबींचा विचार करता आरोप सिद्ध होतात.’ विचार काय केला, ते कुठेच नसतं. अपिलात अहवाल वाचणारा माणूस तुमच्या खोलीत बसलेला नव्हता. त्याला फक्त कागद दिसतो. म्हणून प्रत्येक आरोपावर ‘आम्ही हे का मानलं’ किंवा ‘का मानू शकलो नाही’ हे लिहिणं हाच अहवालाचा गाभा.

एचआरच्या सल्ल्याबद्दल आधी सांगते, कारण तो दोघांवरही अन्याय करणारा आहे. ‘संशयाचा फायदा’ ही फौजदारी खटल्यातली कसोटी. समितीची चौकशी ही खात्यांतर्गत चौकशी असते. तिथे प्रश्न एवढाच असतो की हाती आलेलं सगळं एकत्र पाहिल्यावर ही घटना घडली असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त वाटते का. वाटत असेल तर आरोप सिद्ध. वाटत नसेल तर सिद्ध नाही, आणि मग 2013 च्या कायद्याचं कलम 13 सरळ सांगतं की कोणतीही कारवाई करू नये अशी शिफारस करायची. आरोप सिद्ध नाही, तरी ‘खबरदारी म्हणून’ ताकीद, अशी मधली वाट कायद्यात नाही. सिद्ध न झालेल्या आरोपावर ताकीद म्हणजे त्या माणसावर अन्याय, आणि सिद्ध झालेल्या आरोपावर नुसती ताकीद देऊन मिटवणं म्हणजे तिच्यावर.

आता एक प्रकरण उलगडून दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण विचाराची साखळी तीच आहे. एका कारखान्याच्या खरेदी विभागातली कनिष्ठ कर्मचारी तक्रारदार, आणि तिच्या विभागाचे व्यवस्थापक प्रतिवादी. तक्रार 2 जूनची. आरोप चार. पहिला, 14 मार्चला गोदामात तिच्या कमरेला हात लावून जवळ ओढलं. दुसरा, मार्च-एप्रिलमध्ये रात्री वैयक्तिक मेसेज पाठवले. तिसरा, तिने गोदामात हात झटकला म्हणून वार्षिक मूल्यमापनात तिचा शेरा खाली आणला. चौथा, कॅन्टीनमध्ये तिच्या चारित्र्याबद्दल बोलले.

दुसऱ्यापासून सुरुवात करू, कारण तो सोपा वाटतो आणि तिथेच समित्या घसरतात. 3 मार्चचा मेसेज होता, ‘आज साडीत फार छान दिसत होतीस.’ त्याला तिने हसरा चेहरा पाठवला होता. 16 मार्चला तिने लिहिलं, ‘सर, प्लीज कामापुरतंच बोला.’ त्यानंतर 22 मार्चला आणि 5 एप्रिलला रात्री अकरानंतर आणखी दोन मेसेज आले. त्यांतला एक होता, ‘घरी एकटीच आहेस का?’ प्रतिवादीने मेसेज नाकारले नाहीत. ‘मी सगळ्यांशी असाच मोकळा बोलतो, हेतू वाईट नव्हता, आणि तिनेही हसून उत्तर दिलं होतं,’ एवढंच त्याचं म्हणणं.

इथे दोन मुद्द्यांना अहवालात उत्तर द्यावंच लागतं. पहिला हेतूचा. कलम 2 मधली व्याख्या वागणूक नकोशी होती का हे विचारते, बोलणाऱ्याच्या मनात काय होतं हे विचारत नाही. दुसरा त्या हसऱ्या चेहऱ्याचा. तो लपवू नका. तो नोंदवा आणि मग विचार करा, की मूल्यमापन ज्याच्या हाती आहे त्या वरिष्ठाला नवी मुलगी पहिल्याच मेसेजला काय उत्तर देईल? समितीने लिहिलं, की 3 मार्चच्या उत्तरावरून संमतीचा निष्कर्ष काढता येत नाही. आणि तो वादाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी 16 मार्चला नको असल्याचं स्पष्ट सांगितल्यावरही मेसेज सुरू राहिले, एवढं पुरेसं आहे. आरोप सिद्ध. मेसेजचा स्क्रीनशॉट कुणीही कापून देऊ शकतं, म्हणून समितीने तिचा फोन उघडून आख्खं संभाषण पाहिलं, तारखा-वेळा टिपल्या आणि ते प्रतिवादीला दाखवलं. हेही अहवालात लिहिलं.

आता पहिला आरोप, तुमच्यासारखाच. गोदामात कॅमेरा नव्हता, फक्त दाराबाहेर होता. त्यात ती 11 वाजून 42 मिनिटांनी आत जाताना दिसते, दोन मिनिटांनी तो जातो, 11:49 ला ती घाईने बाहेर येते. प्रतिवादीच्या लेखी जबाबात होतं, ‘त्या दिवशी मी गोदामात गेलोच नाही.’ चित्रीकरण दाखवल्यावर म्हणाला, ‘गेलो असेन, साठा बघायला, आता आठवत नाही.’ तिने त्याच संध्याकाळी 7:40 ला बहिणीला मेसेज केला होता, ‘सरांनी आज गोदामात हात लावला, मला उद्या ऑफिसला जायची भीती वाटते.’ दुपारी ती शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याजवळ रडली होती. त्याने तसं सांगितलं, पण घटना आपण पाहिली नाही हेही स्पष्ट केलं. आणि एक विसंगती होती. लेखी तक्रारीत तारीख 13 मार्च होती, जबाबात 14.

इथे घाई केली तर चुकीचं लिहिलं जातं. ‘प्रतिवादी खोटं बोलला, म्हणून आरोप सिद्ध’ हे बरोबर नाही. माणूस गोदामात गेला एवढ्याने त्याने हात लावला असं होत नाही. घाबरून खोटं बोलणारे निर्दोष लोकही असतात. त्याच्या जबाबातला बदल एवढंच सांगतो की या मुद्द्यावर त्याच्या शब्दावर फार वजन टाकता येत नाही. सहकाऱ्याची साक्षही घटनेची नाही, घटनेनंतरच्या तिच्या अवस्थेची आहे. पण बहिणीला गेलेला मेसेज महत्त्वाचा, कारण तो तक्रारीच्या कितीतरी आधीचा आहे आणि तक्रार करायचं तेव्हा मनातही नव्हतं.

प्रतिवादीने बचावात म्हटलं होतं, की मूल्यमापनात कमी शेरा मिळाला म्हणून तिने सूडाने हे रचलं. हा बचाव समितीने गांभीर्याने तपासला, आणि तो तपासलाच पाहिजे. एचआरच्या संगणकावर नोंद होती की तिचा शेरा 27 फेब्रुवारीला भरला गेला. तिला तो कळला 18 एप्रिलला, वेतनवाढीच्या पत्रातून. म्हणजे 14 मार्चच्या संध्याकाळी तिला शेरा माहीतच नव्हता. मग सूडाचं कारण त्या मेसेजला लागू पडत नाही. तारखेच्या चुकीबद्दल समितीने तिला विचारलं. ती म्हणाली, ‘दोन-अडीच महिन्यांनी आठवणीने लिहिलं.’ दाराच्या कॅमेऱ्याची आणि मेसेजची तारीख 14 हीच होती. 1999 सालच्या ॲपरल एक्स्पोर्ट प्रमोशन काउन्सिलच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की अशा प्रकरणांत क्षुल्लक विसंगतींत न अडकता एकूण संभाव्यता पाहावी. पण विसंगती क्षुल्लक का, ते तुम्ही लिहायचं. नुसता निकालाचा उल्लेख करून ती झाकता येत नाही.

शेवटी अहवालातला परिच्छेद साधारण असा झाला:

‘प्रत्यक्ष साक्षीदार नाही. तथापि तक्रारदार व प्रतिवादी नमूद वेळी गोदामात एकत्र होते हे चित्रीकरणावरून दिसते. प्रतिवादीने सुरुवातीला हे नाकारले व नंतर भूमिका बदलली. तक्रारदाराने त्याच दिवशी घटनेचा उल्लेख बहिणीकडे केला. त्या वेळी मूल्यमापनाचा शेरा तिला ज्ञात नसल्याने सूडबुद्धीचा बचाव ग्राह्य धरता येत नाही. तारखेतील फरकाचे स्पष्टीकरण समितीला पटते. या सर्व बाबी एकत्र पाहता घटना घडली असण्याची शक्यता अधिक आहे. शारीरिक स्पर्श व जवळीक या व्याख्येत हे वर्तन बसते. आरोप क्रमांक 1 सिद्ध होतो.’

यात काय नाही तेही पाहा. ‘तक्रारदाराच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे ती खरी वाटली’ असं नाही. समितीसमोर कोण रडलं, कोण शांत राहिलं, यावरून खरंखोटं ठरत नाही. तिचे कपडे, ती कुणाबरोबर डबा खाते, त्याचं कुटुंब किती सुसंस्कृत आहे, यातलं काहीच नाही. पूर्वी कुणीतरी त्याच्याबद्दल कुजबुजलं होतं, तेही नाही. जे प्रतिवादीला दाखवलं नाही आणि ज्यावर त्याला बोलू दिलं नाही, त्याचा निष्कर्षात आधार घेता येत नाही. तिच्याबाबतही हाच नियम: त्याने आणलेले कागद तिला दाखवायला हवेत.

तिसरा आरोप. शेरा 27 फेब्रुवारीचा, गोदामातली घटना 14 मार्चची आणि पहिला मेसेजही 3 मार्चचा. हात झटकला म्हणून शेरा खाली आला, असं तारखांवरून होऊ शकत नाही. तो आरोप सिद्ध झाला नाही. पण समितीने पुढे एक वाक्य लिहिलं ते मला फार मोलाचं वाटतं: शेरा घटनेनंतर कळल्यामुळे तक्रारदाराला तसं वाटणं स्वाभाविक होतं, आणि आरोप खोट्या हेतूने केल्याचं काहीही दिसत नाही. कलम 14 सांगतं, की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती दुष्ट हेतूची ठरत नाही, तो हेतू वेगळ्या चौकशीने सिद्ध व्हावा लागतो. हे लिहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात ‘तिचा एक आरोप खोटा निघाला’ असं पसरतं.

चौथ्या आरोपात तिने ज्याचं नाव सांगितलं तो म्हणाला, मी असं काही ऐकलं नाही. दुसरा पुरावा नव्हता. ‘पुराव्याअभावी सिद्ध नाही,’ दोन ओळींत संपलं. सगळे आरोप एकाच पारड्यात टाकून ‘तक्रार अंशतः खरी’ असं लिहू नका. त्यातून कुणालाच काही कळत नाही.

शिफारशीकडे वळण्याआधी एक पायरी आहे. ती बहुतेक समित्या गाळतात, आणि तुमच्याकडे अजून वेळ आहे म्हणून आवर्जून सांगते. कलम 11 नुसार दोघेही कर्मचारी असतील तर निष्कर्षांची प्रत दोघांना द्यावी लागते आणि त्यावर समितीकडे म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. म्हणून मी आधी फक्त निष्कर्षांचा भाग तयार करते, शिफारशी नाहीत, आणि तो दोघांना एकाच दिवशी देते. मुदत कायद्यात दिलेली नाही, मी साधारण सात दिवस देते. आलेलं म्हणणं वाचून, त्याला उत्तर देऊन मग अंतिम अहवाल. या प्रकरणात प्रतिवादीने लिहिलं, की बहिणीचा मेसेज नंतर बनवला असेल. समितीने फोन पाहिला होता, नोंद होती, उत्तर दोन वाक्यांत देता आलं. ही पायरी 90 दिवसांच्या चौकशीतच बसवायची. चौकशी संपल्यापासून 10 दिवसांत अहवाल द्यायचा असतो, हे तुम्हाला माहीतच आहे.

संधी देण्याची ही गोष्ट औपचारिक नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 12 मे 2023 रोजी प्राध्यापकाच्या बडतर्फीचा आदेश रद्द केला, तो समितीने चौकशी अवाजवी घाईने उरकली आणि त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही म्हणून. चौकशी पुन्हा करावी लागली. तक्रार केलेल्या मुलींचं यात काय होतं, याचा विचार करा. प्रतिवादीला दिलेली न्याय्य संधी तक्रारदाराच्याच उपयोगी पडते. म्हणून अहवालाच्या सुरुवातीला प्रक्रियेचं एक पान ठेवा: तक्रारीची प्रत त्याला कधी दिली (सात कामकाजाच्या दिवसांत), उत्तर कधी आलं, कोणत्या सुनावणीला कोण हजर होतं, दर वेळी तुमच्यासह किमान तीन सदस्य होते का, दोघांनी एकमेकांच्या साक्षीदारांना प्रश्न विचारले का आणि कसे. समोरासमोर उलटतपासणी अवघड होत असेल तर लेखी प्रश्न घेऊन ते समितीने विचारावेत. आम्ही तसंच करतो.

आता शिफारशी. प्रत्येक शिफारशीचा धागा एखाद्या सिद्ध निष्कर्षाला बांधलेला हवा. ‘कंपनीने योग्य ती कारवाई करावी’ ही शिफारसच नाही. आधी तुमचे सेवानियम किंवा स्थायी आदेश काढून बघा, कारण गैरवर्तनाची शिक्षा त्यांच्यातूनच निवडायची असते. असे नियम नसतील तर 2013 च्याच नियमावलीतला नियम 9 लागतो. त्यात लेखी माफीपासून ताकीद, बढती किंवा वेतनवाढ रोखणं, समुपदेशन, नोकरीवरून काढणं इथपर्यंत यादी आहे. सरकारी कार्यालयात चित्र वेगळं असतं. तिथे समितीचा अहवालच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानला जातो, त्यामुळे प्रक्रिया तिथल्या शिस्त व अपील नियमांशी जुळवावी लागते.

किती कडक, याला ठरलेलं कोष्टक नाही. मी चार गोष्टी बघते: स्पर्श होता का, एकदा की पुन्हा पुन्हा, नको म्हटल्यावरही चालू राहिलं का, आणि तिच्यावर त्याची सत्ता होती का. इथे चारही होत्या. समितीने दोन वेतनवाढी रोखण्याची, कुणाचंही मूल्यमापन करण्याचा त्याचा अधिकार दोन वर्षं काढून घेण्याची आणि त्याला दुसऱ्या विभागात हलवण्याची शिफारस केली. एक सदस्य बडतर्फीच्या मताच्या होत्या. त्यांनी कारणांसह वेगळी नोंद जोडली. असं मतभेदाचं टिपण जोडणं चांगलं. जबरदस्तीने एकमत दाखवू नका. तक्रारदाराची बदली मात्र तिने मागितल्याशिवाय सुचवायची नाही. बऱ्याच कंपन्यांना तो सोपा उपाय वाटतो, पण शिक्षा तिलाच होते.

भरपाईचा आकडाही कारणासह लिहा. कलम 15 मध्ये मानसिक त्रास, करिअरमधली गमावलेली संधी, उपचारांचा खर्च आणि प्रतिवादीची आर्थिक स्थिती हे निकष आहेत. तिने समुपदेशकाच्या 9,600 रुपयांच्या पावत्या दिल्या होत्या, त्या पूर्ण धरल्या. मानसिक त्रासासाठी 60,000 रुपये. करिअरच्या नुकसानीसाठी काही नाही, कारण शेऱ्याचा आरोप सिद्ध झाला नव्हता. इथे निष्कर्ष आणि शिफारस यांची सांगड दिसते. एकूण 69,600. त्याचा महिन्याचा पगार 85,000 च्या आसपास, म्हणून पगारातून 17,400 चे चार हप्ते.

गोदामात कॅमेरा बसवणे, मूल्यमापनाचा शेरा भरल्याच्या दिवशीच कर्मचाऱ्याला दाखवणे, अशा व्यवस्थेच्या सूचना वेगळ्या मथळ्याखाली द्या. त्या प्रतिवादीच्या शिक्षेत मिसळल्या की अपिलात त्यांचा विनाकारण गोंधळ होतो.

गोपनीयतेचं एक साधं तंत्र सांगते. अहवालभर ‘तक्रारदार’, ‘प्रतिवादी’, ‘साक्षीदार 1’ असेच शब्द ठेवा आणि कोण कोण, याचा तक्ता वेगळ्या बंद लिफाफ्यात द्या. मसुदा कंपनीच्या सामायिक फोल्डरवर ठेवू नका. आयटीच्या माणसालाही तो उघडता येतो. नावं फुटली तर कलम 16 चा भंग होतो.

शेवटच्या पानावर सगळ्या सदस्यांच्या सह्या, प्रत्येक पानावर आद्याक्षरं, आणि एक सोबतचं पत्र. त्यात व्यवस्थापनाला लिहा की शिफारशींवर 60 दिवसांत कारवाई करायची आहे, आणि ती काय केली ते समितीला कळवा. दोघांनाही प्रत देताना लिहा, की अपील करायचं असेल तर शिफारशींपासून 90 दिवसांची मुदत आहे. एचआरने ताकिदीबद्दल तुम्हाला ईमेल पाठवली असेल तर तिला लेखी उत्तर द्या, की निष्कर्ष समितीचे आहेत आणि ते पुराव्यावर ठरतील. ते उत्तर समितीच्या फाईलला लावून ठेवा.